फोटो जुळला, म्हणजे माणूस जुळला का?

एखाद्या पासपोर्टच्या पानाचा फोटो फिरायला लागला की खाली हमखास दोन प्रकारचे लोक येतात. एक म्हणतात, "हाच तो, डोळे बघा." दुसरे म्हणतात, "छे, हनुवटी वेगळी आहे." दोघांनाही खात्री असते, दोघेही झूम करून बाण काढतात. गेल्या काही महिन्यांत असे चार-पाच वाद बघितले. एकात तर दोन्ही बाजूंनी एकाच फोटोवर एकाच रंगाचे बाण काढले होते, अर्थ मात्र उलटा. म्हणून म्हटलं, पासपोर्टवर फोटो आला कसा, त्याने काय साधलं आणि काय साधलं नाही, हे एकदा नीट लिहावं. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात ऑगस्ट १९१४ पासून करू. पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलं होतं. जर्मनीत अडकलेले परदेशी लोक बाहेर पडायची धडपड करत होते, आणि बाहेर पडायला परवाना हवा म्हणून आपापले पासपोर्ट जर्मन परराष्ट्र खात्यात जमा करत होते. त्यात चार्ल्स इंग्लिस नावाच्या एका अमेरिकन माणसाचा पासपोर्ट होता. तो "गहाळ" झाला. खात्याने सांगितलं, सापडत नाही बुवा. प्रत्यक्षात तो जर्मन आरमाराच्या हेरखात्याकडे पोचला होता. तिथून तो गेला कार्ल हान्स लोडी या माणसाकडे. लोडी आरमाराचा राखीव अधिकारी, जहाज कंपनीत पर्यटकांचा मार्गदर्शक म्हणून काम केलेला. काही काळ अमेरिकेत राहिल्यामुळे त्याचं इंग्रजी अमेरिकन वळणाचं झालं होतं.

त्या पासपोर्टमध्ये एकही खाडाखोड करावी लागली नाही. कारण त्यावर फोटोच नव्हता. तेव्हाच्या अमेरिकन पासपोर्टवर माणसाचं वर्णन असायचं: वय, उंची, कपाळ, डोळ्यांचा रंग, नाक, तोंड, हनुवटी, केस, वर्ण, चेहऱ्याची ठेवण. आता विचार करा, "कपाळ मध्यम, नाक सरळ, हनुवटी गोल" या वर्णनात आपल्या कॉलनीतले किती जण बसतील? वर्णन वाचून माणसाकडे बघायचं आणि अधिकाऱ्याने मनाशी ठरवायचं की हो, असेल हाच. कागद अस्सल, शिक्का अस्सल, सरकार अस्सल, फक्त माणूस दुसरा.

२७ ऑगस्टला लोडी नॉर्वेहून न्यूकॅसलला उतरला तो इंग्लिस म्हणून. एडिंबरोला राहिला, सायकल भाड्याने घेऊन आरमारी तळाच्या बाजूला फिरला, स्टॉकहोमच्या एका पत्त्यावर तारा आणि पत्रं पाठवत राहिला. तो पत्ता ब्रिटिशांना आधीच ठाऊक होता, त्यामुळे त्याची पत्रं पहिल्यापासून उघडली जात होती. एक पत्र मात्र त्यांनी मुद्दाम पुढे जाऊ दिलं. त्यात लोडीने ऐकीव बातमी लिहिली होती की हजारो रशियन सैनिक स्कॉटलंडमधून आघाडीकडे चाललेत. निव्वळ अफवा, पण जर्मनांनी ती खरी मानली तर ब्रिटिशांना हवंच होतं.

२ ऑक्टोबरला आयर्लंडमधल्या किलार्नीच्या हॉटेलात त्याला पकडलं. तो ठामपणे सांगत होता, मी अमेरिकन, नाव इंग्लिस, हा घ्या पासपोर्ट. आणि त्याच्या चेहऱ्यात, बोलण्यात, वागण्यात ते खोटं पाडणारं काही नव्हतं. खोटं पाडलं ते त्याच्या कोटाने. कोटात बर्लिनच्या एका शिंप्याची चिठ्ठी निघाली आणि तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव होतं लोडी. शिवाय जर्मन पैसे, टिपणं, पत्त्यांची वही. खटला जाहीर चालला आणि ६ नोव्हेंबरला टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याला गोळ्या घातल्या.

अशा प्रकरणांनी सरकारं हादरली. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकेने आणि १९१५ मध्ये ब्रिटनने पासपोर्टवर फोटो सक्तीचा केला. सुरुवातीला त्यातही गंमतच होती. फोटो कसा असावा याचे नियम ढिले, त्यामुळे लोक घरात असेल तो फोटो द्यायचे, टोपीसकट आणि कधीकधी अख्ख्या कुटुंबासकट. १९२० साली पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद झाली, तिथे पासपोर्ट म्हणजे ठरावीक नमुन्याची पुस्तिका असं ठरलं. त्याच वर्षी इकडे हिंदुस्थानातही पासपोर्टचा कायदा आला. सगळ्यांना वाटलं, सुटला प्रश्न. आता कपाळ मध्यम की रुंद यावर वाद नाही, समोर चेहरा, हातात चेहरा, जुळवा आणि सोडा.

(इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. पानिपतात सदाशिवरावभाऊ पडले १७६१ साली. पुढे "मीच भाऊ" म्हणत एक तोतया उभा राहिला, कैदेत पडला, आणि १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटून त्याने कोकणातले किल्ले आणि हजारो माणसं गोळा केली. पंधरा वर्षांनी भेटलेला माणूस, लढाईतून आलेला, बदललेला. ज्यांना त्याच्यात भाऊ दिसावेत असं वाटत होतं, त्यांना ते दिसले. शेवटी पुण्यात त्याला देहदंड झाला. तेव्हा फोटो नव्हता हे खरं. पण फोटो असता तर वाद मिटला असता, असं आजचे झूमवाले बघून मला तरी वाटत नाही.)

आता फोटो आल्यावर काय झालं ते बघू. १९४१ चा मार्च महिना, गाव काबूल. कलकत्त्याच्या घरातून जानेवारीत निसटलेले नेताजी सुभाषचंद्र बोस महंमद झियाउद्दीन या नावाने तिथे दीड-दोन महिने लपून होते. सोबत भगतराम तलवार. इटलीचे वकील पिएत्रो क्वारोनी यांच्या मदतीने पुढचा मार्ग ठरत होता. एक दिवस निरोप आला: पासपोर्टसाठी फोटो हवा आणि युरोपीय कपडे हवेत. ओर्लांदो मात्सोत्ता नावाच्या इटालियन माणसाचा पासपोर्ट होता, त्यावरचा फोटो काढून तिथे नेताजींचा फोटो लावला गेला. १८ मार्चला "सिन्योर मात्सोत्ता" काबूलहून मोटारीने निघाले, सोव्हिएत हद्दीतून समरकंद, तिथून रेल्वेने मॉस्को, आणि विमानाने २ एप्रिलला बर्लिन. बर्लिनमध्येही बराच काळ ते याच नावाने वावरले.

आपल्याला ही गोष्ट साहसाची म्हणून ठाऊक आहे आणि ती आहेच. पण पासपोर्टच्या बाजूने बघा. इथे फोटो आणि चेहरा शंभर टक्के जुळत होता. जगातला सगळ्यात तीक्ष्ण नजरेचा अधिकारी आणून बसवला असता तरी त्याने म्हटलं असतं, हाच तो माणूस. आणि त्याचं म्हणणं बरोबरही असतं! चूक फोटोत नव्हती, फोटो आणि नाव यांच्या मधल्या गाठीत होती. फोटो नेताजींचा, नाव मात्सोत्तांचं, आणि दोघांना जोडणारं फक्त गोंद.

माझ्या मते सगळा विषय इथे आहे. पासपोर्ट दाखवला जातो तेव्हा प्रश्न एक नसतो, तीन असतात. समोरचा चेहरा फोटोतलाच आहे का? फोटोतला माणूस त्या नावाचाच आहे का? आणि ही पुस्तिका आज चालू आहे का, की चोरीची, रद्द झालेली आहे? बघणाऱ्याची नजर यातल्या फक्त पहिल्या प्रश्नाला भिडते. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं चेहऱ्यावर लिहिलेलीच नसतात. ती असतात पासपोर्ट देणाऱ्या कार्यालयाच्या दप्तरात: जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा, पोलीस पडताळणीचा अहवाल, जुन्या पासपोर्टची नोंद.

म्हणूनच आपल्याकडे पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्या माणसांना घरून फोटो आणायला सांगत नाहीत. तिथल्याच खिडकीवर फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात, त्याच भेटीत मूळ कागद बघतात. अनेकांना ही कटकट वाटते, त्यात फोटो भीषण येतो ही वेगळी तक्रार. पण त्यामागे कारण आहे. माणूस, त्याचा चेहरा आणि त्याचे कागद एकाच वेळी एकाच छपराखाली येतात आणि गाठ तिथे मारली जाते. मग पोलीस ठाण्याचा माणूस पत्त्यावर जाऊन चौकशी करतो, ती दुसरी गाठ. आणि नव्या ई-पासपोर्टमध्ये, जे अलीकडे भारतातही मिळू लागलेत, तिसरी गाठ असते. पानावर छापलेला फोटो आतल्या चिपमध्येही असतो आणि त्या सगळ्या माहितीवर देणाऱ्या सरकारची डिजिटल सही असते. चिपमधल्या फोटोत कुणी ढवळाढवळ केली तर सही जुळत नाही आणि विमानतळावरचं यंत्र ते सांगतं. काबूलचा गोंद इथे चालणार नाही.

अर्थात यालाही मर्यादा आहे. सही एवढंच सांगते की सरकारने दिलं तेव्हा जे होतं तेच आज आहे. देतानाच गाठ चुकीची बसली असेल तर चिप तीच चूक इमानाने जपून ठेवते. २०१८ मध्ये जर्मनीत एका कार्यकर्त्यांच्या गटाने हे करून दाखवलं. त्यांच्यातल्या एकीचा फोटो आणि युरोपीय महासंघाच्या तेव्हाच्या परराष्ट्र प्रमुख फेदेरिका मोगेरिनी यांचा फोटो संगणकावर एकमेकांत मिसळून एक तिसराच चेहरा बनवला, तो अर्जासोबत दिला, आणि त्यावर अस्सल पासपोर्ट मिळाला. असा फोटो दोन्ही माणसांसारखा दिसतो. खिडकीवरच्या माणसाची काय चूक? अर्जदार घरून फोटो आणतो तिथे ही फट राहतेच. पुढे जर्मनीने छापील फोटो घ्यायचं बंद करण्याचा मार्ग धरला.

बरं, दोन प्रश्न दप्तराचे हे मान्य करू. पहिला तरी नजरेचा आहे ना? समोर माणूस, हातात फोटो, जुळतो की नाही हे कळायला काय लागतं?

इथे मला स्वतःला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलेली गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पासपोर्ट कार्यालयातल्या अधिकाऱ्यांची एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे लोक रोज हेच काम करणारे. त्यांच्यासमोर एकेक जिवंत माणूस आला आणि पडद्यावर एक फोटो. फोटो कधी त्याच माणसाचा, कधी त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याचा. दुसऱ्याचा फोटो असताना "हाच तो" म्हणण्याचं प्रमाण निघालं १४ टक्के, म्हणजे सातात एक. आणि खरोखर त्याच माणसाचा फोटो असताना "हा नव्हे" म्हणण्याचं प्रमाण ६ टक्के. पुढे त्यांची तुलना विद्यार्थ्यांशी केली, तर अधिकारी विद्यार्थ्यांपेक्षा सरस नव्हते. आणि नोकरीत किती वर्षं झाली याचा अचूकपणाशी काही संबंध दिसला नाही. काही अधिकारी मात्र फारच चांगले निघाले. पण ते जात्याच तसे होते, अनुभवाने झालेले नव्हते.

याच्या कितीतरी आधी, १९९७ मध्ये, ब्रिटनमध्ये एका सुपरमार्केटमध्ये असाच प्रयोग झाला होता. क्रेडिट कार्डावर फोटो छापला तर चोरी थांबेल का, हे बघायचं होतं. गल्ल्यावरच्या लोकांना सांगितलेलं होतं की नीट तपासा. तरीही दुसऱ्याच्या फोटोची निम्म्याहून जास्त कार्डं त्यांनी खरी मानली.

मग आपल्याला एवढी खात्री का वाटते? कारण आपण रोज ओळखीचे चेहरे ओळखतो, आणि त्यात आपण खरंच तरबेज असतो. लग्नाच्या अल्बममधल्या धुरकट फोटोतही मागे उभा असलेला मामा कळतो, पाठमोरा असला तरी कळतो. पण ते कौशल्य त्या मामापुरतं असतं. २०११ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी हॉलंडमधल्या दोन प्रसिद्ध व्यक्तींचे प्रत्येकी वीस, असे चाळीस फोटो घेतले, पत्त्यांसारखे पिसले आणि ब्रिटनमधल्या लोकांना दिले. सांगितलं, माणसागणिक ढीग लावा. किती माणसं आहेत ते सांगितलं नाही. लोकांनी साधारण सात-आठ ढीग लावले, काहींनी याहून पुष्कळ जास्त. बरोबर दोन ढीग एकालाही लावता आले नाहीत. तेच पत्ते डच लोकांना दिले तर जवळपास सगळ्यांनी झटकन दोन ढीग लावून मोकळे झाले. फोटो तेच, डोळे माणसाचेच, फरक फक्त ओळखीचा.

अनोळखी माणसाच्या दोन फोटोंत कॅमेऱ्याचं अंतर बदलतं, उजेड बदलतो, वजन बदलतं, दाढी येते जाते. यातला कुठला फरक माणसाचा आणि कुठला फोटोचा, हे ठरवायला आपल्याकडे काही आधार नसतो. मामाच्या बाबतीत तो आधार हजार वेळा बघून तयार झालेला असतो. आणि पासपोर्टच्या फिरत्या फोटोवर बाण काढणारे आपण सगळे, त्या चेहऱ्याच्या बाबतीत, हॉलंडचे फोटो हातात घेतलेले ब्रिटिश असतो.

आता थोडा हिशोब. सिडनीचे तेच आकडे घेऊ आणि कल्पना करू की एका रांगेत हजार प्रवासी आहेत, त्यात एकच तोतया. ९९९ खरे, त्यांतल्या ६ टक्के लोकांवर चुकून संशय येणार, म्हणजे साठेक माणसं बाजूला. तोतया सातांत सहा वेळा सापडेल, धरून चालू की सापडला. म्हणजे ज्या एकसष्ट जणांबद्दल "हा फोटोतला नव्हे" असं वाटलं, त्यांतले साठ निर्दोष. अधिकाऱ्याकडे पुढचा मार्ग असतो. तो आत नेतो, दुसरी कागदपत्रं मागतो, नोंदी तपासतो, अर्ध्या तासात बहुतेकांना सोडतो. पण जिथे पुढचा मार्ग नाही, नुसता "मला वाटतं" आहे, तिथे त्या साठ जणांनी करायचं काय? कुणाचा तरी फोटो "हाच तो" म्हणून गावभर फिरतो तेव्हा तो बहुधा या साठांतला असतो, आणि त्याला आपला पासपोर्ट घेऊन दारोदार फिरून सिद्ध करायची सोय नसते.

शेवटचं प्रकरण अलीकडचं, आणि यात वर सांगितलेलं सगळं एकत्र येतं. ८ मार्च २०१४. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच-३७० हे विमान क्वालालंपूरहून बीजिंगला निघालं आणि २३९ माणसांसह नाहीसं झालं. प्रवाशांच्या यादीत एक इटालियन आणि एक ऑस्ट्रियन नाव होतं. दुसऱ्याच दिवसापर्यंत कळलं की ते दोघेही आपापल्या ठिकाणी सुखरूप आहेत. दोघांचेही पासपोर्ट थायलंडमध्ये चोरीला गेले होते, ऑस्ट्रियनचा २०१२ मध्ये, इटालियनचा २०१३ मध्ये. मग विमानात बसले कोण?

जगभर एकच गलका झाला: दहशतवादी. मलेशियाचे गृहमंत्री आपल्याच अधिकाऱ्यांवर जाहीरपणे चिडले, की इटालियन आणि ऑस्ट्रियन पासपोर्टवर आशियाई चेहऱ्याची माणसं जातात आणि तुम्हाला कळत नाही? एक-दोन दिवसांत तिथल्याच नागरी विमान वाहतूक खात्याच्या प्रमुखांनी सांगितलं की आम्ही कॅमेऱ्याचं चित्रण बघितलं, ते दोघे आशियाई दिसणारे नाहीत. एकच सरकार, तीच दोन माणसं, आणि चेहऱ्यावरून काढलेले दोन निष्कर्ष. शिवाय इटालियन माणसाचा चेहरा कसा असतो? तिथल्या फुटबॉल संघाकडे बघितलं तरी हा प्रश्न किती पोकळ आहे ते कळतं.

खरं काय ते कागदांनी उलगडलं. हे दोघे इराणी होते, एक एकोणीस वर्षांचा, दुसरा एकोणतीस. २८ फेब्रुवारीला ते दोहाहून क्वालालंपूरला आले ते स्वतःच्या खऱ्या इराणी पासपोर्टवर. तिथली नोंद होती, इराणकडून त्यांच्या पासपोर्टची माहिती मिळाली. तिकिटांवर बीजिंगनंतरचा प्रवास युरोपचा होता. धाकट्याची आई जर्मनीत त्याची वाट बघत होती, मुलगा पोचला नाही म्हणून तिने अधिकाऱ्यांशी संपर्क साधला होता. ही आश्रय शोधणारी माणसं असावीत, दहशतवादाशी संबंध दिसत नाही, असं चौकशीतून पुढे आलं. तोवर तीन-चार दिवस त्यांच्याबद्दलचा संशय जगभर फिरला होता.

आणि अडवायचं असतं तर कशाने अडवलं असतं? चेहऱ्याने नव्हे. इंटरपोलकडे २००२ पासून चोरीच्या आणि हरवलेल्या प्रवासी कागदपत्रांची यादी आहे, तेव्हा तिच्यात चार कोटींच्या आसपास नोंदी होत्या. हे दोन्ही पासपोर्ट चोरीला गेल्यावर त्या यादीत चढले होते. इंटरपोलने सांगितलं की त्या नोंदी झाल्यापासून विमान उडेपर्यंत एकाही देशाने ते नंबर यादीशी ताडून बघितले नव्हते. मलेशियाचं म्हणणं पडलं की तपासत बसलो तर रांगा वाढतील. त्यावर इंटरपोलचं उत्तर होतं की एका नंबरला सेकंदाचा काही अंशच लागतो. खिडकीवरचा अधिकारी फोटो आणि चेहरा जुळवण्यात मात्र त्याहून कितीतरी जास्त वेळ घालवतो, आणि वर सिडनीचे आकडे आपण पाहिलेच. त्याच वर्षी मे महिन्यात एअर एशिया या मलेशियन कंपनीने प्रवाशांचे पासपोर्ट नंबर त्या यादीशी तपासायला सुरुवात करत असल्याचं जाहीर केलं. विमान कंपन्यांमध्ये ती पहिली.

या यादीतही एक मोठं भोक आहे. तिच्यात तेच पासपोर्ट सापडतात जे मालकाने हरवले म्हणून कळवले आणि त्याच्या देशाने पुढे पाठवले. खणात असेल कुठेतरी, बघू नंतर, म्हणून सहा महिने काढले तर ते सहा महिने पुस्तिका जगाच्या दृष्टीने चालू असते आणि तुमच्यासारख्या दिसणाऱ्या कुणाच्याही खिशात असू शकते. म्हणून पासपोर्ट हरवला की आधी पोलिसांत तक्रार आणि लगेच पासपोर्ट कार्यालयाला कळवणं, परदेशात असाल तर आपल्या वकिलातीला. आणि कळवल्यावर तीच पुस्तिका गादीखाली सापडली तरी ती घेऊन विमानतळावर जाऊ नका. फोटो तुमचाच असेल, चेहरा तुमचाच असेल, पण नंबर यादीत चढलेला असेल आणि तिथे तुमच्या चेहऱ्याला कुणी विचारणार नाही.